फुटलेला तंबोरा आणि बिल्टीवरचा रिकामा रकाना

मिरजेचे तंतुवाद्य-कारागीर देशभर तंबोरे आणि सतारी पाठवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेल्या फळाचे कवच. त्यावर नेमका एक धक्का बसला, की वरपासून खालपर्यंत चीर जाते. म्हणून ट्रान्सपोर्टने पाठवलेल्या मालाची भरपाई कशी मिळते, हे समजून घ्यायला तंबोराच उदाहरणाला घेऊ.

समजा, नागपूरच्या एका गायिकेने मिरजेत जाऊन ३५ हजार रुपयांचा तंबोरा घेतला. लाकडी खोक्यात बांधून तो तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत १० जूनला स्वतःच्या नावाने बुक केला आणि ९०० रुपये भाडे भरले. कारकुनाने बिल्टीवर 'वाद्य, १ नग' एवढेच लिहिले. किमतीचा रकाना कोराच राहिला. १६ जूनला खोके घरी आले. त्याचा एक कोपरा आत दबलेला होता आणि आतला भोपळा तडकलेला होता. दुरुस्तीला, म्हणजे नवा भोपळा बसवून घ्यायला, १४ हजार रुपये लागतील असे कारागिराने सांगितले.

यातले किती पैसे तिला मिळतील? त्याचे उत्तर बरेचसे त्या कोऱ्या रकान्यात आहे. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीला २००७ चा 'कॅरेज बाय रोड' कायदा लागू होतो. घरपोच सेवा देणारी कुरिअर एजन्सीही त्याच्या व्याख्येत येते. या कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपुरती असते आणि तीही घोषित किमतीपेक्षा जास्त नसते. इथे भाडे ९०० रुपये, म्हणून मर्यादा ९ हजार. दुरुस्तीचे उरलेले ५ हजार तिच्याच पदरी पडतात. तंबोरा पुरता मोडला असता, तरी आकडा तोच राहिला असता.

ही मर्यादा ओलांडायचा रस्ता कायद्यानेच दिला आहे. बुकिंग करतानाच मालाची खरी किंमत लिहायची आणि वाढीव जोखमीचा दर भरायचा. ट्रान्सपोर्टवाले त्याला 'कॅरियर्स रिस्क' म्हणतात. कुरिअरच्या बिलात तो बहुधा 'एफओव्ही' या नावाने दिसतो आणि मालाच्या किमतीच्या टक्केवारीने आकारला जातो. तो भरला असता, तर १४ हजारांची पूर्ण मागणी करता आली असती. नाजूक आणि महाग वस्तूच्या बाबतीत हा खर्च वाचवू नये, असे माझे ठाम मत आहे. माल चोरीला गेला आणि त्यात वाहतूकदाराच्याच माणसाचा गुन्हा असेल, तरी वाहतूकदार जबाबदार राहतो.

पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटींचे काय? 'ओनर्स रिस्क' असा शिक्का मारला, म्हणून वाहतूकदार स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नाथ ब्रदर्स प्रकरणात हे स्पष्ट केले. मात्र सही करून मान्य केलेली रकमेची मर्यादा ग्राहकावर बंधनकारक ठरू शकते. १९९६ च्या भारती निटिंग प्रकरणात कुरिअरच्या पावतीवर १०० डॉलरची मर्यादा होती आणि न्यायालयाने ती कायम ठेवली. सही कशावर करतो आहोत, हे वाचूनच सही करावी, ते यासाठी.

आता पुराव्याकडे वळू. या कायद्यातली एक तरतूद ग्राहकाच्या फार कामाची आहे. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर नाही. ट्रकमध्ये काय घडले, हे गायिकेला सांगावे लागत नाही. माल दिला तेव्हा धड होता आणि हाती आला तेव्हा मोडलेला होता, एवढे दाखवायचे असते. म्हणून पुरावा दोन टोकांचा लागतो, मिरजेच्या आणि नागपूरच्या.

मिरजेच्या टोकाला खरेदीचे बिल, मूळ बिल्टी, भाड्याची पावती आणि पॅकिंगचे फोटो. हे फोटो घेताना लोक बंद खोक्याचा एकच फोटो काढतात आणि तिथेच चुकतात. भोपळा चारी बाजूंनी, त्याभोवतीचा भुसा किंवा फोम, मग झाकण लावलेले खोके, अशा क्रमाने ते हवेत. 'पॅकिंगच कच्चे होते' हा वाहतूकदाराचा नेहमीचा बचाव असतो आणि त्याला उत्तर फक्त या फोटोंत असते.

नागपूरच्या टोकाला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिलिव्हरीच्या कागदावरची सही. 'माल सुस्थितीत मिळाला' असे वर छापलेले असते आणि घाईत आपण खाली सही करतो. ड्रायव्हर खोके उघडेपर्यंत थांबत नसेल, तर सहीच्या वर हाताने लिहावे: 'खोक्याचा कोपरा दबलेला, आतला माल तपासलेला नाही.' तारीख आणि वेळ घालून त्या कागदाचा फोटो घ्यावा. डिलिव्हरी नुसत्या ओटीपीवर होत असेल, तर त्याच दिवशी कंपनीला फोटोंसह ईमेल करावा. खोके उघडताना सलग व्हिडिओ घ्यावा. त्यात आधी बिल्टीचा नंबर, मग बाहेरचा दबलेला कोपरा आणि शेवटी भोपळ्याची चीर दिसली पाहिजे. बाहेरचा धक्का आणि आतली चीर एकाच बाजूला असतील, तर कारण आपोआप समोर येते. चिरेच्या कडाही जवळून टिपाव्यात. ताज्या चिरेच्या कडा स्वच्छ, फिकट असतात. जुन्या चिरेत पॉलिश किंवा मळ शिरलेला असतो. 'आधीपासूनच तडकलेला होता' असे कुणी म्हणालेच, तर हा फरक उपयोगी पडतो. दुरुस्तीचा अंदाज कारागिराकडून लेखी, सहीनिशी घ्यावा. तंबोरा, खोके आणि भुसा यांतले काहीही कंपनीने पाहणी करेपर्यंत टाकू नये आणि दुरुस्तही करू नये. वेगळा ट्रान्झिट विमा काढला असेल, तर विमा कंपनीला लगेच कळवावे आणि तिचा सर्वेअर येऊन जाईपर्यंत वस्तूला हात लावू नये.

पुढचे पाऊल नोटिशीचे. अनेक दावे इथेच बुडतात. फोनवर तक्रार नंबर मिळतो, 'क्लेम प्रोसेसमध्ये आहे' असे दर आठवड्याला ऐकायला मिळते आणि महिने निघून जातात. कायद्याला मात्र लेखी नोटीस हवी. ती १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला पोचली पाहिजे आणि हे दिवस माल मिळाल्यापासून नव्हे, तर बुकिंगच्या तारखेपासून मोजतात. आपल्या उदाहरणात १० जूनपासून १८० दिवस ७ डिसेंबरला भरतात. अशी नोटीस दिलेली नसेल, तर पुढे दावाच चालत नाही, ग्राहक आयोगातही.

नोटीस वकिलाकडूनच गेली पाहिजे, असे नाही. साध्या मराठीत बिल्टीचा नंबर आणि तारीख, काय पाठवले, कुठल्या अवस्थेत मिळाले, नुकसान किती आणि किती दिवसांत रक्कम हवी, एवढे लिहावे. सोबत बिल, बिल्टी, डिलिव्हरीच्या कागदाचा फोटो, पॅकिंगचे आणि नुकसानीचे फोटो, कारागिराचा अंदाज आणि आधीचे ईमेल, असे क्रमांक घालून जोडावे. हे सगळे कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, पोचीच्या नोंदीसह स्पीड पोस्टाने पाठवावे. मूळ कागद आपल्यापाशीच ठेवावेत.

कंपनीने दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथेही सुटले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. त्याची मुदत दोन वर्षांची आहे. धंद्यासाठी पाठवलेल्या मालाला मात्र हा रस्ता सहसा मिळत नाही. त्या दाव्यासाठी दिवाणी न्यायालय आहे आणि तिथली मुदत तीन वर्षांची. स्वतःच्या गाण्यासाठी तंबोरा घेतलेल्या गायिकेला मिरजेला खेटे घालावे लागत नाहीत, कारण २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे इथे नागपुरात, तक्रार करू शकतो. ती e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही लागत नाही.