मधला एक नंबर गेला कुठे?

महिनाअखेरीला सीएच्या ऑफिसातून फोन येतो, "बिल नंबर १०४१ आहे, १०४३ आहे. १०४२ दिसत नाही. रद्द केलं का?" दुकानदार सॉफ्टवेअरवाल्याला विचारतो. तो सांगतो की कुणी काही खोडलेलं नाही, १०४२ नंबरचं बिल कधी तयारच झालं नाही. तो खरंच बोलत असतो, पण या उत्तराने सीएचं समाधान होत नाही.

जीएसटीच्या नियमांतला ४६वा नियम सांगतो की बिलाचा क्रमांक ओळीने येणारा हवा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा वापरलेला नको. जीएसटीआर-१ विवरणपत्रातला तेरावा तक्ता त्याचाच हिशेब मागतो: कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं फाडली, एकूण किती, त्यांतली रद्द किती आणि उरली किती. छापील बिलबुकात हे आपोआप साधायचं. पान खराब झालं तर त्यावर 'रद्द' लिहून दोन्ही प्रती बुकातच ठेवायच्या. नंबर कागदावर छापलेलाच असल्यामुळे तो हरवायला जागा नव्हती.

कॉम्प्युटरवर नंबर आधी छापलेला नसतो, तो मागितल्यावर मिळतो. बहुतेक डेटाबेसमध्ये त्यासाठी तयार यंत्रणा असते. पोस्टग्रेसमध्ये तिला सीक्वेन्स म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये ऑटो-इन्क्रिमेंट. तिचं वचन एवढंच असतं की एकदा दिलेला नंबर दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. मधला एकही नंबर गळणार नाही, असं वचन तिने दिलेलं नसतं. प्रोग्रामर मात्र पुष्कळदा ते गृहीत धरतो.

समजा, सांगलीतल्या एका होलसेल दुकानात दोन काउंटर आहेत. पहिल्या काउंटरवर बिल सुरू होतं आणि सीक्वेन्स १०४२ देतो. ते बिल पुरं व्हायच्या आत दुसऱ्या काउंटरवरचा माणूस बिल सुरू करतो, त्याला १०४३ मिळतो. त्याचं बिल पक्कं होऊन गिऱ्हाईक निघूनही जातं. इकडे पहिल्या काउंटरवर शेवटच्या पायरीला कळतं की माल तेवढा शिल्लक नाही. डेटाबेस त्या बिलाचं सगळं काम मागे फिरवतो. यालाच रोलबॅक म्हणतात. बिलाच्या ओळी गेल्या, साठ्यातली वजावट गेली. पण १०४२ परत घेऊन करायचं काय? १०४३ तर कागदावर छापून बाहेर पडला आहे.

भोक पडू द्यायचं नसेल तर एकच वाट उरते: पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्या काउंटरला थांबवून ठेवायचं. सीक्वेन्स नेमका हेच टाळण्यासाठी बनवलेला आहे. कुणी कुणासाठी थांबू नये म्हणून तो ट्रान्झॅक्शनच्या बाहेर राहून नंबर वाटतो आणि वाटलेला नंबर परत घेत नाही. पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याला दोष म्हणता येणार नाही, तो वेगाच्या बदल्यात केलेला सौदा आहे.

रोलबॅकमुळे सहसा एखादाच नंबर गळतो. सर्व्हर अचानक बंद पडला, किंवा मुख्य सर्व्हर गेला आणि त्याच्या जिवंत नकलेने, म्हणजे रेप्लिकाने, कारभार हाती घेतला, तर एकदम दहा-पंधरा नंबर उडालेले दिसतात. कारण असं: दिलेल्या प्रत्येक नंबराची नोंद डिस्कवरच्या वहीत करत बसलं तर वेळ जातो. म्हणून पोस्टग्रेस ३२ नंबर पुढची नोंद आधीच करून ठेवतो. १०४० देतानाच वहीत '१०७२ पर्यंत दिले' असं लिहून टाकतो आणि पुढचे नंबर वहीला हात न लावता वाटतो. रेप्लिकाकडे पोहोचते ती हीच वही. १०५७ वर असताना मुख्य सर्व्हर कोसळला, तर रेप्लिका वहीवर विश्वास ठेवून १०७३ पासून सुरू करते. १०५८ ते १०७२ हे पंधरा नंबर कुणालाच मिळत नाहीत. नंबर दुबार जाण्यापेक्षा वाया गेलेला बरा, हा त्यामागचा विचार आहे.

भोकं टाळायची म्हणून काहीजण टेबलातला सर्वांत मोठा नंबर वाचून त्यात एक मिळवतात. एका काउंटरवर हे चालतं. दोन काउंटरनी एकाच क्षणी वाचलं की दोघांनाही १०४१ च दिसतो आणि दोन गिऱ्हाइकांच्या हातात १०४२ जातो. भोकाचं स्पष्टीकरण तरी देता येतं, दुबार नंबरचं देणं फार अवघड.

खात्रीचा मार्ग जुनाच आहे. मोजणीसाठी एक वेगळं टेबल ठेवायचं, त्यात प्रत्येक मालिकेची एक ओळ, आणि बिल पक्कं करणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या आतच ती ओळ वाढवायची:

```sql
UPDATE bill_counter
SET last_no = last_no + 1
WHERE series = 'SNG/25-26'
RETURNING last_no;
```

ही ओळ एकाने हातात घेतली की त्याचं काम पक्कं होईपर्यंत किंवा फिरेपर्यंत डेटाबेस दुसऱ्याला थांबवतो. काम फिरलं तर `last_no` सुद्धा मागे फिरतो आणि तोच १०४२ पुढच्याला मिळतो. आपण टाळत होतो ती रांग इथे मुद्दाम लावलेली आहे, म्हणून ती आखूड ठेवायला हवी. साठा तपासणं, कर काढणं, पैसे आल्याची खात्री करणं, हे सगळं आधी उरकायचं. नंबर अगदी शेवटी घ्यायचा आणि लगेच ट्रान्झॅक्शन पक्कं करायचं. तोवर कच्च्या बिलाची ओळख सीक्वेन्सच्या नंबरवर चालते. तो नंबर गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यामुळे त्यात भोकं पडली तरी बिघडत नाही.

नियम एकापेक्षा जास्त मालिकांना परवानगी देतो, त्याचाही फायदा घेता येतो. सांगलीची एक मालिका, मिरजेची दुसरी. प्रत्येकीची ओळ वेगळी, म्हणून एका शाखेची रांग दुसरीला अडवत नाही. `SNG/25-26/001042` हा क्रमांक बरोबर सोळा अक्षरांत बसतो. १ एप्रिलला नव्या वर्षाची नवी ओळ सुरू करायची. नंबर मिळाल्यानंतर बिल चुकीचं निघालं तर ते डेटाबेसमधून खोडायचं नाही. त्यावर रद्दची खूण करायची आणि नंबर जागेवर ठेवायचा. ई-इन्व्हॉइस पोर्टलवरही रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहे, आणि ती पुन्हा रेप्लिकाशीच येते. रेप्लिका मुख्य सर्व्हरच्या काही क्षण मागे चालत असेल आणि नेमक्या त्या क्षणांत मुख्य सर्व्हर गेला, तर छापून दिलेलं शेवटचं बिल रेप्लिकाला ठाऊकच नसतं. तिच्या मोजणीत अजून १०५६ असतो आणि ती १०५७ दुसऱ्यांदा देते. म्हणून बिलाच्या डेटाबेसमध्ये, रेप्लिकाने नोंद मिळाल्याचं कळवेपर्यंत बिल पक्कं मानायचं नाही, अशी सोय चालू ठेवावी लागते. ती नसेल तर सर्व्हर बदलल्यावर काउंटर उघडण्याआधी शेवटच्या छापील बिलाचा नंबर डेटाबेसमधल्या नंबराशी ताडून पाहावा.

महिनाअखेरची तपासणी मात्र सोपी आहे. मालिकेतल्या शेवटच्या नंबरातून पहिला वजा करून एक मिळवा. उत्तर रद्द बिलांसकट एकूण बिलांच्या संख्येइतकं आलं पाहिजे. जास्त आलं तर कुठेतरी भोक आहे, कमी आलं तर एखादा नंबर दुबार गेला आहे. दोन्ही चुका एकाच महिन्यात झाल्या तर ही बेरीज बरोबर येऊन फसवू शकते. म्हणून टेबलावर मालिका आणि नंबर यांची जोडी अनन्य ठेवण्याची अट घालावी, म्हणजे दुबार नंबराची नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो.