वडूज, कराड, सातारा : नावांच्या गोष्टी आणि त्यांची परीक्षा

तीन गावे, एक शेवट

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण वडूज येरळा नदीच्या काठी आहे. नाव ऐकताच वडाचे झाड आठवते आणि 'येथे वड फार होते म्हणून वडूज' हे स्पष्टीकरण कोणालाही सहज सुचते. मात्र या स्पष्टीकरणात अर्धेच नाव येते. 'वड' मिळाला, पण 'ऊज' कोठून आला? सोलापूर जिल्ह्यात नीरेच्या काठी अकलूज आहे आणि छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आहे. अकलूजमध्ये 'अक्कल' दिसू शकते, वाळूजमध्ये 'वाळू' दिसते, वडूजमध्ये 'वड' दिसतो. तिन्ही ठिकाणी पुढच्या भागासाठी वेगळी गोष्ट तयार होते आणि शेवटचा समान भाग कोणीच सांगत नाही. एका नावाची गोष्ट सांगताना त्याच घडणीची इतर नावे तिला मानवतात का, हे पाहिले जात नाही, आणि नावाच्या गोष्टी बहुधा येथेच चुकतात.

शिवाय वड महाराष्ट्रात कोणत्या गावात नाही? जी खूण प्रत्येक गावात सापडते तिने एकाच गावाचे नाव सिद्ध होत नाही. एखादे स्पष्टीकरण खोटे ठरण्याची काहीच शक्यता नसेल, तर त्याच्या खरेपणालाही आधार उरत नाही.

लोकव्युत्पत्ती म्हणजे काय

शब्दाचा इतिहास न पाहता, आज ओळखीच्या वाटणाऱ्या दुसऱ्या शब्दाशी त्याचे नाते जोडणे म्हणजे लोकव्युत्पत्ती. अर्न्स्ट फोर्स्टेमान या जर्मन अभ्यासकाने 1852 मध्ये या विषयावर लिहिताना जी जर्मन संज्ञा वापरली, तिचा अर्थही हाच आहे. या एका संज्ञेखाली दोन वेगळ्या घटना येतात. पहिलीत शब्द तसाच राहतो आणि त्याला केवळ एक गोष्ट चिकटते. पाव हा त्याचा नेहमीचा नमुना. पीठ पायांनी तुडवून मळत, म्हणून 'पाव', असे अनेक घरांत ऐकवले जाते. वास्तविक पोर्तुगीज भाषेत या पदार्थाला 'पाँव'सारखा उच्चार असलेला शब्द आहे आणि पदार्थाबरोबर तोही किनाऱ्यावर आला.

दुसऱ्या घटनेत गैरसमजामुळे शब्दाचे रूपच बदलते. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश इंग्रज शिपायांच्या कानांत 'हॉब्सन-जॉब्सन' असा घुसला, कारण ही दोन्ही त्यांच्या ओळखीची आडनावे होती. यूल आणि बर्नेल यांनी 1886 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोशाला हेच नाव दिले. पहिल्या घटनेत चूक गोष्टीपुरती राहते. दुसरीत मात्र ती भाषेच्या इतिहासाचा भाग होते, आणि तेथे तिला चूक म्हणणेही अपुरे ठरते. शब्दाने घेतलेले ते खरे वळण असते.

कराड : मागे नेता येणारे नाव

गोष्ट आणि व्युत्पत्ती यांतला फरक कळण्यासाठी वडूजच्याच जिल्ह्यातले कराड पाहावे. मध्य प्रदेशातील भारहुत येथील स्तूपावर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे दानलेख आहेत. त्यांपैकी एकात 'करहकट' नगरीच्या निगमाने, म्हणजे तेथील व्यापारी समुदायाने, दिलेल्या दानाची नोंद आहे. रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांच्या लेखात महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी येतो. तो 'करहाकड' येथला आहे. अभ्यासक ही दोन्ही नावे कराडचीच मानतात.

दोन लेख शेजारी ठेवले की एक बदल डोळ्यांना दिसतो. भारहुतमधला 'ट' कुड्यात 'ड' झाला आहे. दोन स्वरांमधल्या 'ट'चा 'ड' होणे हा एकट्या कराडसाठी केलेला अपवाद नाही. 'घट'चा घडा, 'कटु'चा कडू, 'कीटक'चा किडा याच नियमाने झाले, आणि 'वट'चा वडही तसाच. त्याच स्थितीतला 'क' प्राकृतात गळतो. तो गळाल्यावर करहाकडचे करहाड होते, मधला स्वर लोपून कऱ्हाड होते आणि 'ह' सैल पडून आजचे कराड उरते. 'कऱ्हाड' ही पायरी तर अजून जिवंत आहे. तेथले जुने लोक आणि जुने लेखन ती जपतात आणि 'कऱ्हाडे' या ज्ञातिनामातही ती टिकून आहे.

येथे प्रत्येक पायरीला एक तर दगडावरचा पुरावा आहे, नाही तर इतर शब्दांतही दिसणारा नियम आहे. व्युत्पत्तीची मागणी एवढीच असते, आणि ती थोडी नाही.

याच नावावर बसलेल्या गोष्टी मग आपोआप उघड्या पडतात. कऱ्हाड्यांच्या नावात 'हाड' ऐकून त्या समाजाची निंदा करणारी कथा सह्याद्रिखंडात आली आहे. पण भारहुतच्या 'करहकट'मध्ये हाड नाही. ते ध्वनिबदलाने मागाहून तयार झाले. म्हणजे नाव आधी झिजले आणि झिजलेल्या नावातून कथा निघाली. समाजाला हीन ठरवण्यासाठी अशी व्युत्पत्ती वापरली जाते तेव्हा ही कालक्रमाची तपासणी केवळ विद्वत्तेचा विषय राहत नाही.

पंडितही यातून सुटत नाहीत. पुढच्या काळातील संस्कृत लेखनात आणि ताम्रपटांत हे नाव 'करहाटक' असे येते. हाटक म्हणजे सोने. दगडावरचा क्रम 'कट', तर पोथीतला 'टक'. अपरिचित नावाला अर्थपूर्ण संस्कृत पेहराव चढवण्याची प्रवृत्ती येथे काम करत असावी, असे मला वाटते. लोकव्युत्पत्तीतला 'लोक' अडाणीच असतो, हा समज त्यामुळे टिकत नाही.

सातारा : सतरा की सात

ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये साताऱ्याचे नाव किल्ल्याच्या सतरा भिंती, बुरूज आणि दरवाजे यांवरून आल्याचे सांगितले आहे. रोमन लिपीत सतरा आणि सातारा ही दोन्ही सारखीच लिहिता येतात, त्यामुळे इंग्रजी पानावर हे नाते निर्दोष दिसते. मराठी उच्चारात मात्र ते लगेच अडते. 'सतरा'तला पहिला स्वर ऱ्हस्व आहे आणि मधला 'त' बोलताना स्वराशिवायच येतो. 'सातारा'त पहिला आणि दुसरा दोन्ही स्वर दीर्घ आहेत. झिजण्याच्या वाटेवर नवे दीर्घ स्वर कसे उगवले, हे गोष्ट सांगत नाही.

दुसरी गोष्ट सात ताऱ्यांची आहे. भोवतालच्या सात डोंगरांना किंवा सात किल्ल्यांना कोणी तारे मानतात. ध्वनीच्या दृष्टीने ही बरी आहे, कारण 'सात' आणि 'तारा' जोडताना शेजारचे दोन 'त' एकात मिसळणे स्वाभाविक आहे. पण तारा म्हणजे डोंगर की किल्ला, हे दर सांगणाऱ्यागणिक बदलते. अर्थ आधी ठरला आणि वस्तू नंतर मोजल्या गेल्या, याची ही चांगली खूण आहे. सात हा आकडा लोककथांचा लाडका असल्याने मोजदाद सातावरच थांबते.

तरीही याच गोष्टीने पुढे खरी नावे घडवली. 1700 मध्ये औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि शाहजादा आझमच्या नावावरून त्याचे 'आझमतारा' केले. मराठ्यांकडे किल्ला परत आल्यावर 'अजिंक्यतारा' हे नाव रूढ झाले. दोन्ही नावे करणाऱ्यांनी 'सातारा'चे 'सा' किंवा 'सात' आणि 'तारा' असे तुकडे मनात आधीच पाडले होते. त्याशिवाय 'तारा' ठेवून पुढचा भाग बदलता आला नसता. फारशी जाणणाऱ्याला यात 'सितारा'ही ऐकू आला असेल. म्हणून 'सातारा'तला तारा मुळात होता की नाही हा प्रश्न खुला ठेवूनही, 'अजिंक्यतारा'तला तारा शंभर टक्के खरा आहे.

सांगली आणि मुंबई

सांगलीसाठी 'सहा गल्ल्यांचे गाव' ही गोष्ट प्रचलित आहे. 'सहा'तला 'ह' गळेल आणि 'ल्ल'चा 'ल'ही होईल, पण 'सां'वरचा अनुस्वार कोठून आला? जेवढे जुळते तेवढे सांगायचे आणि उरलेले सोडायचे, ही वडूजचीच पद्धत येथे दिसते.

मुंबईच्या बाबतीत निकाल व्याकरणाने लागतो. पोर्तुगीजांनी 'बोम बाहिया', म्हणजे चांगला उपसागर, असे नाव दिले आणि त्याचे बॉम्बे झाले, असे सांगितले जाते. पण पोर्तुगीजमध्ये बाहिया स्त्रीलिंगी आहे. तिच्याबरोबर 'बोम' नव्हे, 'बोआ' हवे. आपल्याच भाषेत लिंगाची अशी चूक करून कोणी बंदराचे नाव ठेवत नाही.

पद्धतीच्या मर्यादा

कराडच्या उदाहरणातही एक प्रश्न शिल्लक राहतो. नावाचे रूप दोन हजार वर्षे मागे नेता आले, पण 'करहकट'चा अर्थ त्यातून सिद्ध झाला नाही. रूपाचा इतिहास आणि अर्थाचा उगम या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला मिळाला म्हणून दुसरा मिळतोच असे नाही. कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा मराठी व्युत्पत्तिकोश किंवा टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश सामान्य शब्दांसाठी उपयोगी पडतो. गावांची नावे मात्र त्यांत क्वचितच सापडतात. सातारा-सांगली पट्ट्यात कन्नडचा शेजार जुना असल्याने प्रत्येक नाव संस्कृतातच शोधणेही धोक्याचे आहे.

देवतांच्या नावांत दिशेचा पेच असतो. अकलूजला अकलाईचे मंदिर आहे. देवीवरून गाव की गावावरून देवी, हे दोन नावांच्या साम्यावरून ठरत नाही, कारण दोन्ही दिशांनी साम्य सारखेच दिसते. त्यासाठी दोहोंपैकी कोणते नाव लेखांत आधी येते, हे पाहावे लागते.

शेवटी, ध्वनिनियम पाळले म्हणजे व्युत्पत्ती खरी, असेही नाही. वडूजसाठी 'वटपुंज', म्हणजे वडांचा समूह, असे मूळ मुद्दाम रचून पाहता येते. 'ट'चा 'ड' होईल, स्वरांमधला 'प' गळेल आणि 'वडुंज' मिळेल. उदाहरणापुरते रचलेले हे मूळ ऐकायला पटते, पण त्यामागे एकही लेख नाही. जुन्या मोडी कागदांत, इनामपत्रांत किंवा ताम्रपटात गावाचे नाव अनुस्वारासह आढळले, तर या कल्पनेला पहिला आधार मिळेल. तेथे 'ज'च्या आधी 'ग'सारखे दुसरेच व्यंजन निघाले, तर ती तत्क्षणी सोडावी लागेल. आणि अनुस्वार सापडला तरी अकलूज व वाळूज यांच्या जुन्या रूपांतही तोच 'पुंज' दिसतो का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.