पन्हा पाहून कुर्त्याचं कापड

छाती 40, उंची 40 आणि बाही 24 इंच, असा साधा कुर्ता घेऊ. छातीत 6 इंच सैलपणा आणि शिलाईची माया धरली की पाठ आणि पुढा प्रत्येकी 25 इंच रुंद होतात. दुमडीसह उंची 42 इंच.

44 इंची पन्ह्यात हे दोन भाग शेजारी मावत नाहीत. एकाखाली एक ठेवल्यास 84 इंच लागतात. बाजूला 19 इंचांची पट्टी उरते. तिच्यातच 18 इंच रुंदीच्या बाह्या निघतात, म्हणून सव्वादोन मीटर पुरतं. 36 इंची पन्ह्यात पट्टी 11 इंचच उरते. बाह्यांसाठी वेगळे 26 इंच घ्यावे लागतात. मागणी पावणेतीन मीटरच्या थोडी वर जाते. कोरं सुती कापड आटतं, तेव्हा तीन मीटरच घ्यावं.