जास्वंदीच्या पानावरील आठवड्याचा पाठ

सातवीच्या वर्गातील प्रकाशसंश्लेषणाचा पाठ फसला, तर तो गुरुवारी फसतो. त्याचे कारण मात्र सोमवारचे असते. पानात आधीच साठलेले पिष्ट संपल्याखेरीज प्रयोगाला अर्थ राहत नाही. म्हणून कुंडीतील जास्वंद सोमवारी सकाळी अंधाऱ्या कपाटात ठेवावी. मंगळवारी, औषधाच्या दुकानातील पोव्हिडोन आयोडीन चहाच्या रंगाइतके पातळ करून भाताच्या पेजेत टाकावे. पेज निळी-काळी होते. साखरेचे पाणी होत नाही.

बुधवारी सकाळी एका पानाच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंनी, काळ्या कागदाची पट्टी चिमट्याने बसवून कुंडी उन्हात ठेवावी. गुरुवारी दुपारी ते पान तोडून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवावे. मग स्टोव्ह विझवावा, पान वाटीतील स्पिरिटमध्ये घालावे आणि वाटी त्याच गरम पाण्यात ठेवावी. स्पिरिट चटकन पेट घेते. हे काम शिक्षकांनीच करावे. हिरवा रंग उतरलेले पान धुऊन त्यावर आयोडीन टाकले, की पट्टीखालचा भाग तपकिरी राहतो, बाकीचा काळसर होतो. सगळेच पान काळे पडले, तर कपाटात उजेड शिरत होता किंवा पट्टी सैल होती असे समजावे. कांद्याची पात या कामी निरुपयोगी आहे. तिच्यात पिष्ट नव्हे, शर्करा साठते.

शुक्रवारी निष्कर्ष लिहिताना एवढेच लिहावे, की पिष्ट तयार होण्यास प्रकाश लागतो. कार्बन डायऑक्साइडविषयी या प्रयोगातून काहीही सिद्ध होत नाही.