‘ह’ गेला, सूर उरला

अमृतसर-नांदेड सचखंड एक्सप्रेस जळगाव-भुसावळवरून जाते. डब्यात शेजारी पंजाबी कुटुंब बसलं असेल, तर त्यांच्या बोलण्यातला ‘घर’ हा शब्द नीट ऐका. आपल्या कानांना तो ‘कर’सारखा वाटेल. ‘करणे’ या अर्थाचा ‘कर’ही पंजाबीत आहेच. मग त्यांना फरक कळतो कशावरून? सुरावरून. करण्यातला ‘कर’ सपाट असतो. घराचा ‘कर’ खालच्या सुरात सुरू होऊन शेवटी किंचित वर येतो.

काळाच्या ओघात पंजाबीतल्या घ, झ, ढ, ध, भ यांच्यातला हकार उच्चारातून गेला आणि त्याच्या जागी सूर उरला. शब्दाच्या सुरुवातीचा हकार सूर खाली ओढतो, स्वरानंतरचा वर चढवतो. म्हणून ‘चाह’मधला ‘ह’ ऐकू येत नाही, पण उंच सुरातला ‘चा’ म्हणजे चहा आणि सपाट ‘चा’ म्हणजे हौस. गुरुमुखीत मात्र घ आणि ह अजूनही लिहिले जातात. चिनीसारख्या भाषांतही शब्दाचा अर्थ असाच सुरावर ठरतो.

मराठीत आणि अहिराणीत ‘घ’ शाबूत आहे, त्यामुळे ही वेळ आपल्यावर आली नाही. सूर आपणही वापरतो, पण वाक्यासाठी. ‘जेवलास.’ आणि ‘जेवलास?’ यांत शब्द तोच राहतो, चढतो तो प्रश्नाचा सूर.

पंजाबी शिकणाऱ्या मराठी माणसाची अडचण इथेच सुरू होते. ओळखताना त्याला दोनांतून एक निवडायचं असतं आणि ‘जायचंय’सारखा पुढचा शब्दही मदतीला असतो. बोलताना मात्र नेमका सूर स्वतःच घडवावा लागतो. ‘त’ म्हणताना जीभ दाताला लागलेली कळते. सुराला अशी टेकण्याची जागा नाही. स्वरतंतू ताणले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो, आणि हे एका शब्दाच्या क्षणभरात साधायचं असतं. ‘खालचा’ म्हणजे किती, हेही प्रत्येकाने आपल्या आवाजाच्या मानाने ठरवायचं. त्यातच ‘घर?’ असं विचारायचं झालं, की आपला प्रश्नाचा सूर आड येतो. शब्द सुरुवातीपासूनच वर चढतो आणि ती खालची सुरुवात हरवते.

कोणी म्हणून दाखवल्यावर लगेच नक्कल बरी जमते. थोड्या वेळाने आठवणीतून म्हणताना ती घसरते. तरी कान तयार केला की गळाही सुधारतो. चिनी शिकणाऱ्या अमेरिकनांना काही दिवस केवळ सूर ओळखण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांचे उच्चारही सुमारे 18 टक्क्यांनी सुधारले, असं युए वांग आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं.

म्हणून आधी भरपूर ऐकावं. मग ‘घर’ आणि ‘कर’ उलटसुलट क्रमाने दहा-बारा वेळा फोनवर रेकॉर्ड करून पंजाबी माणसाला ऐकवावं. आजूबाजूचं वाक्य मात्र देऊ नये. वाक्य दिलं, तर तो अर्थावरून ओळखेल आणि आपला सूर चुकला हे आपल्याला कळणारच नाही.