रीलमधलं गाणं कुणाचं?

मागच्या वेळी आपण गटाच्या मालाचे फोटो कसे काढायचे ते बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "ताई, फोटोचं कळलं, पण रीलला गाणं लावलं की आवाजच बंद होतो, ते का?" म्हणून आज तेवढंच बोलू.

आमच्या एका बचत गटातली ताई गावात मुलींचा डान्स क्लास घेते. समाजमंदिराच्या हॉलमध्ये संध्याकाळी दोन तास, वीस-बावीस मुली. नवरात्रीच्या आधी प्रवेश वाढावेत म्हणून तिने इन्स्टाग्रामवर रील टाकायला सुरुवात केली. पहिल्या चार-पाच रील छान चालल्या. मग कुणीतरी सांगितलं, खातं व्यवसायाचं कर, म्हणजे फोन करायचं बटण येतं. तिने तसं केलं आणि गाण्यांच्या यादीतून तिची आवडती सिनेमाची गाणी गायब झाली. तिने दुसरी वाट काढली. मोबाइलमधलं गाणं एडिटिंगच्या ॲपमध्ये व्हिडिओला जोडलं आणि तो व्हिडिओ वर टाकला. दोन दिवसांत आवाज बंद. तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, तर तिथे हक्काचा दावा आला. पैसे भरून रील जास्त लोकांपर्यंत न्यायची म्हटलं, तर तेही होईना. ऐन हंगामात आठवडा गेला.

ती आम्हाला म्हणाली, "सगळेच तर गाणी टाकतात, मलाच का अडवलं?" उत्तर असं आहे की बाकीचे सगळे जाहिरात करत नसतात. इन्स्टाग्रामने गाण्यांच्या कंपन्यांशी जे करार केलेत, ते घरगुती, वैयक्तिक वापरासाठी आहेत. तुम्ही भाच्याच्या वाढदिवसाला रील केलीत तर ती त्यात बसते. पण "प्रवेश सुरू, फी अमुक, संपर्क करा" असं लिहिलं की ती धंद्याची जाहिरात झाली. म्हणून व्यवसायाच्या खात्याला ती यादी दिसत नाही. काही जणी यावर तोडगा सांगतात, की खातं साधं ठेवायचं, म्हणजे गाणी दिसतात. गाणी दिसतात हे खरं, पण वापर जाहिरातीचाच राहतो. यादीत गाणं दिसलं म्हणजे जाहिरातीची परवानगी मिळाली, असं होत नाही.

आणखी एक फसगत. दुसऱ्याच्या रीलखाली Original audio असं लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं, हे त्या व्यक्तीचं स्वतःचं, घेऊ या. पण कुणीही सिनेमाचं गाणं व्हिडिओत जोडून टाकलं की तिथे हेच नाव येतं. गाणं काही त्याचं होत नाही. तसंच "पंधरा सेकंदांपर्यंत चालतं" हेही खरं नाही. आपल्या कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. खाली "गाण्याचे हक्क मूळ मालकाचे" असं लिहूनही परवानगी मिळत नाही. गाण्याचा वेग वाढवला तरी यंत्राला ते बहुतेक वेळा ओळखू येतं.

हे फक्त लहानांच्याच बाबतीत होतं असं समजू नका. २०२२ साली भारत जोडो यात्रेच्या प्रचाराच्या व्हिडिओंत केजीएफ-२ या सिनेमाची गाणी वापरल्याची तक्रार एका संगीत कंपनीने केली. ७ नोव्हेंबरला बंगळूरच्या न्यायालयाने काँग्रेस पक्षाचं आणि यात्रेचं ट्विटर खातं तात्पुरतं बंद ठेवायचा आदेश दिला. दुसऱ्या दिवशी कर्नाटक उच्च न्यायालयाने तो आदेश उठवला, पण ते व्हिडिओ काढून टाकण्याच्या अटीवर. यात्रा त्याच दिवसांत शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, देगलूरला आली होती. म्हणजे गर्दी कितीही मोठी असली, तरी गाणं ज्याचं त्याचंच.

"पण लग्नाच्या वरातीत तर गाणी वाजतातच ना?" असंही विचारलं जातं. लग्नाची वरात आणि धार्मिक विधी यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वेगळी सूट आहे. डान्स क्लासच्या जाहिरातीला ती लागू होत नाही.

आता हक्क म्हणजे नेमका कुणाचा, ते समजून घेऊ. एका गाण्यात तीन वाटे असतात. शब्द लिहिणाऱ्याचा, चाल लावणाऱ्याचा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीचा. शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क त्या माणसाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं.

दोन उदाहरणं घेऊ. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले. त्यांच्या लावण्यांचे शब्द आज मोकळे आहेत. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांची "माझी मैना" ही छक्कड गावोगाव लोकगीतासारखी म्हटली जाते, पण त्यांनी लिहिलेल्या शब्दांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. आणि पठ्ठे बापूरावांची लावणी एखाद्या कंपनीने मागच्या वर्षी नव्याने गाऊन घेतली असेल, तर शब्द मोकळे असले तरी ती कंपनीची फाइल मोकळी नाही. नेमकी इथेच गल्लत होते. अभंग तुकोबांचा असतो, पण मोबाइलमधलं गाणं कुठल्यातरी कंपनीचं असतं.

सिनेमाचं गाणं आपणच म्हटलं तर? ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, पण शब्द आणि चाल दुसऱ्याचीच राहते. म्हणून जाहिरातीला तेही नको.

मग लावायचं काय? व्यवसायाच्या खात्यावर जी गाणी दिसतात, ती Sound Collection या संग्रहातली असतात. ती जाहिरातीला चालतात, पण फक्त फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर. तीच फाइल यूट्यूबवर नेऊ नका. यूट्यूबसाठी YouTube Studio मध्ये Audio Library आहे. तिथे प्रत्येक गाण्यासमोर परवान्याचा प्रकार दिसतो. काही गाण्यांना व्हिडिओच्या माहितीत कलाकाराचं नाव लिहावं लागतं. ते वाक्य तिथेच तयार मिळतं, जसंच्या तसं चिकटवायचं. "नो कॉपीराइट" अशा नावाने कुणीही टाकलेली गाणी मात्र डोळे झाकून घेऊ नका. टाकणारा मालक आहे का, हे आपल्याला कळत नाही.

आमच्या ताईने यापेक्षाही चांगलं केलं. तिने गावातल्या हलगीवाल्या दादांना बोलावलं. गटातल्या एका मावशींना पंचमीच्या फेराची गाणी तोंडपाठ आहेत. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेली, लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही अशी. त्यातलं एक मावशींनी म्हटलं, दादांनी हलगी वाजवली. दुपारच्या वेळी, पंखा बंद करून, मोबाइल हातभर अंतरावर ठेवून आवाज घेतला. त्या तालावर मुलींनी नाच बसवला.

पण एक गोष्ट विसरायची नाही. वाजवणाऱ्याचा आणि गाणाऱ्याचाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो. म्हणून पैसे हातावर ठेवून भागत नाही, परवानगी लिहून घ्यायची. ताईने साध्या कागदावर असं लिहून घेतलं:

"मी या तारखेला वाजवलेल्या हलगीचं ध्वनिमुद्रण या डान्स क्लासला रील, व्हिडिओ आणि जाहिरातीसाठी, इंटरनेटसह सर्व माध्यमांत, संपूर्ण जगभर, १० वर्षं वापरण्याची परवानगी देत आहे. मोबदला ५०० रुपये मिळाला."

खाली नाव, सही, तारीख. असाच कागद मावशींकडून घेतला. वर्षं आणि "जगभर" हे शब्द मुद्दाम आहेत. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरती परवानगी समजतो. रील तर कुठेही दिसते.

अजून एक बारीक गोष्ट. सराव करताना मागे स्पीकरवर सिनेमाचं गाणं चालू असेल आणि तुम्ही सरावाचाच व्हिडिओ टाकलात, तरी यंत्र ते गाणं पकडतं. सरावाचे व्हिडिओ टाकायचे तर मूळ आवाज पूर्ण बंद करून त्यावर आपला ताल लावा.

आता चित्रांकडे वळू. गुगलवर सापडलेलं चित्र फुकट नसतं, गुगल फक्त ते कुठे आहे ते दाखवतं. नट्यांचे फोटो पोस्टरवर लावू नका. फोटो काढणाऱ्याचा हक्क मोडतो, शिवाय ती नटी आपल्या क्लासची जाहिरात करते असा समज होतो. त्यावरूनही दावा होऊ शकतो. स्नेहसंमेलनाचे फोटो तुम्ही पैसे देऊन काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याने त्यांचे पहिले मालक तुम्ही. पण फोटोग्राफर स्वतःहून आला आणि त्याने काढले, तर ते त्याचे. त्याला विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. मुलींचे फोटो असतील तर आई-वडिलांची सही घ्या. प्रवेशाच्या फॉर्मवरच एक ओळ ठेवली की दरवेळी फिरावं लागत नाही.

शेवटी, नोटीस आलीच तर काय करायचं? घाबरून खातं बंद करू नका. आधी नीट वाचा. यूट्यूबवर दावा आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्याने बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडतो. त्यावर Replace song किंवा Erase song वापरून गाणं बदलता येतं. स्ट्राइक मात्र गंभीर. ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनेल जाऊ शकतं. परवानगीचा कागद हातात असेल तरच दाव्याला हरकत घ्या. नसेल तर रागाने हरकत घेऊ नका, दावा त्याने वाढतो. गाणं बदला किंवा व्हिडिओ काढा. धंद्यासाठी जाणूनबुजून हक्क मोडला, तर कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. मालकाच्या वकिलाचं पत्र आलं तर व्हिडिओ काढा आणि उत्तर देण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे मोफत सल्ला मिळतो.

ताईने एक फाइल केली आहे. प्रत्येक रीलचं नाव, गाणं कुठून घेतलं, परवान्याच्या पानाचा फोटो आणि सहीचे कागद. पुढच्या मासिक बैठकीत ती फाइल आम्ही सगळ्यांना दाखवणार आहोत. तुमच्या गटात कुणाचा क्लास, पार्लर किंवा शिवणकामाचं दुकान असेल, तर तिच्या जुन्या रील एकदा बघा. ज्यात सिनेमाचं गाणं आहे, तिथे आधी आवाज बदला. नवी रील त्यानंतर.