गुडघ्याच्या व्यायामाच्या कागदावरचं '१० × ३' म्हणजे नेमकं काय?

महाड / पोलादपूर : गुडघ्याचं लिगामेंट ताणलं की पोलादपूरच्या घाटाकडच्या वाडीतला रुग्ण एकदा महाडला येऊन तपासून जातो. पुढचे काही आठवडे फिजिओथेरपिस्टऐवजी त्याच्यासोबत असतो तो व्यायामाचा कागद. त्यावरच्या चार ओळी चुकीच्या वाचल्या, तर बरा होत आलेला गुडघा पुन्हा सुजतो.

एक नमुना घेऊ. लावणीच्या चिखलात पाय मुरगळलेला शेतकरी. शस्त्रक्रियेची गरज नाही, पायावर भार टाकायला डॉक्टरांची परवानगी आहे. कागदावर लिहिलंय : 'एसएलआर, १० × ३, होल्ड ५ सेकंद, दिवसातून २ वेळा, वेदना ३/१० पर्यंत. सलग ३ दिवस जमल्यास अर्धा किलो.'

आकडे कसे वाचायचे?

एसएलआर म्हणजे उताणं झोपून, गुडघा ताठ ठेवून पाय साधारण एक वीत ते फूटभर उचलणं. १० म्हणजे रिपिटिशन, एका दमात किती वेळा उचलायचा ते. ३ म्हणजे सेट, असे किती दम घ्यायचे ते. दोन सेटमध्ये मिनिटभर विश्रांती. होल्ड म्हणजे पाय वर धरून ठेवण्याचा वेळ.

पाच सेकंद वर, पाच सेकंद खाली असं धरलं तर एका सेटला १०० सेकंद लागतात. तीन सेट आणि मधली दोन मिनिटं मिळून एका वेळचा व्यायाम सात मिनिटांचा. सकाळी ३० आणि संध्याकाळी ३०, म्हणजे दिवसाला ६०.

सकाळी शेतावर जायची घाई म्हणून संध्याकाळी सगळे ६० एकदम काढले, तर हिशेब जुळतो, पण व्यायाम बिघडतो. मांडीचा स्नायू थकला की पाय उचलताना गुडघा किंचित वाकतो आणि जोर कमरेकडून लागतो. गुडघा वाकायला लागला, की तो सेट तिथेच संपला असं समजावं.

काही ठिकाणी सेट आधी लिहितात, काही ठिकाणी रिपिटिशन. '५ × १०' असं दिसलं तर पाचाचे दहा की दहाचे पाच, हे कागद हातात घेतानाच विचारून घ्यावं.

हे आकडे आले कुठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांच्या पायाची ताकद परत आणण्यासाठी वजनं वापरत. सुरुवातीला ते दहा-दहाचे ७ ते १० सेट करून घेत. पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी तीन सेट पुरेसे असल्याचं मांडलं. पहिला सेट निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण आणि तिसरा पूर्ण वजनाने. दहा वेळा उचलणं सोपं वाटू लागलं, की वजन वाढवायचं.

३/१० ची मर्यादा कशी ओळखायची?

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट वेदना. तीन म्हणजे दुखणं जाणवतं, पण चेहरा आक्रसत नाही आणि बोलणं थांबत नाही. मांडी भरून येणं ही स्नायूची थकावट असते. गुडघ्याच्या सांध्यात टोचणं वेगळं.

आकडा तीनदा पाहायचा : व्यायाम करताना, संपल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. करताना तीन असलेली वेदना सकाळपर्यंत आधीच्या पातळीवर आली तर प्रमाण योग्य आहे. सकाळी पाय जास्त आखडला असेल तर कालचं प्रमाण जास्त झालं.

सूज त्याहून महत्त्वाची. सांध्यात थोडं पाणी साचलं तरी मांडीच्या स्नायूला मिळणारा आदेश मंदावतो आणि जोर लावूनही ताकद येत नाही. म्हणून रोज सकाळी शिंप्याच्या टेपने वाटीच्या मधोमध घेर मोजावा. कालच्यापेक्षा सेंटिमीटरभर वाढला, तर पुढची पायरी थांबवावी.

पुढची पायरी केव्हा?

समजा, तीन दिवस ३०-३० वेळा पाय ताठ उचलला गेला, वेदना दोनवर राहिली, सूज वाढली नाही. चौथ्या दिवशी घोट्याला अर्धा किलो वजन. मिठाची अर्ध्या किलोची पिशवी फडक्यात बांधूनही चालते. मात्र त्या दिवशी सेट वाढवायचे नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच दुखलं तर कशामुळे ते कळतं.

पाचव्या दिवशी घेर वाढला तर आधी दिवस आठवावा. वाडीची चढण दोनदा झाली असेल किंवा उकिडवं बसून काम झालं असेल, तर तोही गुडघ्यावरचा भारच, कागदावर नसला तरी. अशा वेळी दोन दिवस विनावजन करून पुन्हा चढावं.

कागद बाजूला केव्हा ठेवायचा?

गुडघा मध्येच अडकला, चालताना दगा देऊ लागला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठावा. श्वास लागला किंवा छातीत दुखलं, तर थेट १०८ ला फोन करावा.